दादरा-नगर हवेलीचा निकाल कसा वाचावा



आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा निकाल वाचून त्याचे मराठीत टिपण कसे करावे, हा आजचा विषय आहे. उदाहरणासाठी मी एकच निकाल घेतला आहे. तो आपल्या परिसरातला आहे आणि त्यातला एक मुद्दा तर एका मराठी शब्दाच्या अर्थाशी येऊन ठेपतो. पोर्तुगाल विरुद्ध भारत, भारतीय प्रदेशातून जाण्या-येण्याच्या हक्काचा खटला, निकालाची तारीख १२ एप्रिल १९६०. आपण त्याला सोयीसाठी दादरा-नगर हवेलीचा निकाल म्हणू.

या निकालाबद्दल मराठीत दोन प्रकारची वाक्ये लिहिली जातात. एक, हेगच्या न्यायालयाने भारताच्या बाजूने कौल दिला. दुसरे, हेगच्या न्यायालयाने पोर्तुगालचा हक्क मान्य केला. दोन्ही वाक्यांना निकालात आधार सापडतो, आणि दोन्ही वाक्ये टिपणात तशीच लिहिली तर टिपण चुकते. हे कसे होते ते पाहण्यासाठी निकाल शेवटापासून वाचायला घ्यावा लागतो.

आधी घटना थोडक्यात सांगतो. दमण किनाऱ्यावर, आणि दादरा व नगर हवेली आत, चहूबाजूंनी भारतीय प्रदेशाने वेढलेले. १९५४ च्या जुलैमध्ये २१ तारखेच्या रात्री दादऱ्यातली पोर्तुगीज सत्ता उलथली, पाठोपाठ नगर हवेलीतलीही. त्या लढ्यात सुधीर फडके होते हे आपल्याला ठाऊकच आहे. दमणहून आत जाऊ पाहणाऱ्या पोर्तुगीज प्रतिनिधींना भारताने वाट दिली नाही. पोर्तुगालने २२ डिसेंबर १९५५ रोजी अर्ज दाखल केला. संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्व त्याला १४ डिसेंबरला मिळाले होते आणि न्यायालयाची सक्तीची अधिकारिता त्याने १९ डिसेंबरला स्वीकारली होती. आठवड्याभरात उरकलेल्या या घाईवर भारताने हरकती घेतल्या. अधिकारितेवरच्या एकूण सहा हरकतींपैकी चार न्यायालयाने २६ नोव्हेंबर १९५७ च्या वेगळ्या निकालाने फेटाळल्या, दोन मुख्य सुनावणीत ओढून घेतल्या. म्हणजे या खटल्यात निकाल दोन आहेत. टिपणाच्या पहिल्या ओळीत कोणता निकाल ते तारखेसह लिहावे. नाहीतर पुढचा वाचक १९५७ चे वाक्य १९६० च्या खात्यावर टाकतो.

आता शेवटचे पान. न्यायालयाच्या प्रत्येक निकालाच्या अखेरीस ‘या कारणांसाठी, न्यायालय’ असे शब्द येतात आणि त्याखाली कलमे असतात. हा आदेशभाग. पक्षकारांवर बंधनकारक होते ते हेच. १९६० च्या अहवालग्रंथात हा भाग ४५ आणि ४६ या पानांवर आहे आणि त्यात पाच कलमे आहेत. पहिल्या दोन कलमांत भारताच्या राहिलेल्या दोन हरकती फेटाळल्या आहेत, एक १३ विरुद्ध २ मतांनी, दुसरी ११ विरुद्ध ४ मतांनी. तिसरे कलम म्हणते की पोर्तुगालला १९५४ मध्ये दमण आणि ही ठाणी यांच्या दरम्यानच्या, तसेच ठाण्या-ठाण्यांमधल्या भारतीय प्रदेशातून जाण्या-येण्याचा हक्क होता. तो खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांच्यापुरता, ठाण्यांवरील सार्वभौमत्व चालवण्यासाठी लागेल तेवढा, आणि भारताच्या नियमनाच्या व नियंत्रणाच्या अधीन. हे ११ विरुद्ध ४. चौथे कलम म्हणते की सशस्त्र सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रे आणि दारूगोळा यांच्यासाठी असा हक्क नव्हता. हे ८ विरुद्ध ७. पाचवे कलम म्हणते की तिसऱ्या कलमातल्या हक्कामुळे भारतावर जी बंधने येत होती, त्यांच्याविरुद्ध भारत वागला नाही. हे ९ विरुद्ध ६.

तिसरे कलम एकट्याने वाचले की पोर्तुगाल जिंकतो. पाचवे एकट्याने वाचले की भारत जिंकतो. चौथे, जे एका मताने पार पडले, ते घाईत कुणी वाचतच नाही. म्हणून माझा आग्रह असा की आदेशभागाचे भाषांतर टिपणात संपूर्ण यावे, सारांश नको. बाकी सगळ्याचा सारांश चालेल. आणि अटी वाक्याच्या शेवटी लोंबकळत ठेवू नयेत. ‘भारताच्या नियमनाच्या अधीन’ हे शब्द मराठीत हक्काच्या आधी आले पाहिजेत, कारण पाचव्या कलमातला सगळा निकाल त्या शब्दांवर उभा आहे.

निर्णय कळला, आता कारणमीमांसा. निकालपत्राचा बराच मोठा भाग न्यायालयाचा आवाज नसतोच. त्यात आधी न्यायाधीशांची व वकिलांची यादी, मग खटल्याची हकीकत, मग दोन्ही पक्षांच्या मागण्या जशाच्या तशा. पुढे कायद्याच्या चर्चेतही ‘पोर्तुगालचे म्हणणे आहे’, ‘भारताचा युक्तिवाद आहे’ अशी वाक्ये येतात, आणि एकदा असे सुरू झाले की पुढची चार-पाच वाक्ये ती आठवण न देता त्याच पक्षाचे म्हणणे मांडत राहतात. मराठी करताना इथेच घसरण होते. मी स्वतः छापील प्रतीच्या समासात तीन अक्षरे लिहितो, पो, भा, आणि न्या. ज्या परिच्छेदापुढे ‘न्या’ नाही त्यातले वाक्य टिपणात ‘न्यायालयाने म्हटले’ या शब्दांनी जोडायचे नाही. काम कंटाळवाणे आहे, पण दुसरा उपाय मला सापडलेला नाही. जुन्या निकालांत परिच्छेदांना क्रमांकही नसतात, त्यामुळे संदर्भ पानाचाच द्यावा लागतो.

या खुणा करून झाल्या की ‘न्या’चे परिच्छेद सलग वाचायचे. दादरा-नगर हवेलीत ते साधारण असे चालतात.

पोर्तुगालने आपला हक्क सर्वात आधी मराठ्यांच्या दस्तऐवजांवर टेकवला. १७७९ चा पुण्याचा तह, सवाई माधवरावांच्या कारकिर्दीतला, आणि त्यामागून आलेल्या १७८३ व १७८५ च्या दोन सनदा. पोर्तुगालचे म्हणणे, यांनी गावांचे सार्वभौमत्व आम्हाला मिळाले आणि त्यासोबत वाटही. भारताचे म्हणणे, हा तह नीट झालेलाच नाही, न्यायालयापुढे आलेल्या त्याच्या पाठांत तफावत आहे आणि दोन्ही पक्षांनी अस्सल म्हणून मानलेला पाठ एकही नाही. न्यायालयाने यावर दोन गोष्टी म्हटल्या. पहिली, अठराव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकातला हिंदुस्थानातला तह पुढे हळूहळू रुळलेल्या पद्धतींच्या मापाने मोजू नये. मराठ्यांनी तो स्वतः बंधनकारक मानला आणि अमलातही आणला. दुसरी, सनदांतले आणि त्यांच्याशी संबंधित कागदांतले शब्द पाहता पोर्तुगीजांना मिळाला तो फक्त वर्षाला १२,००० रुपयांचा महसुली हक्क, जहागीर किंवा सरंजाम. हिंदुस्थानात असे देणे अगदी सर्रास चाले, आणि अशा देण्याचा अर्थ सार्वभौमत्वासह प्रदेश तोडून देणे असा कुणी लावल्याचे एकही उदाहरण न्यायालयापुढे आले नाही.

इथे थोडे थांबतो, कारण हे व्यासपीठ भाषेचे आहे. सरंजाम म्हणजे काय हे पेशवाईचे कागद वाचणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. गावचा वसूल नेमून द्यायचा, बहुधा फौजेच्या खर्चासाठी, आणि देणाऱ्याचा वरचा हक्क कायम ठेवायचा. इनाम वेगळे, मोकासा वेगळा, आणि राज्य तोडून देणे तर त्याहून पार वेगळे. हा शब्द एरवी कोशात नुसता ‘जमीन दिली’ या अर्थाने आला असता तर युक्तिवादाला दुसरे वळण लागले असते. हेगच्या न्यायालयात मराठी महसुली शब्दाचा नेमका अर्थ निर्णयाच्या वाटेवर आलेला आहे. टिपणात म्हणून ‘सरंजाम’ हा शब्द ठेवावा, ‘अनुदान’ असे गुळगुळीत करू नये.

मराठ्यांच्या काळात सार्वभौमत्व नव्हते, मग ते आले कुठून? न्यायालय म्हणते, इंग्रजांच्या काळात. १८१८ मध्ये मराठ्यांच्या जागी इंग्रज आले तेव्हा त्यांना पोर्तुगीज त्या गावांत संपूर्ण आणि एकट्याने कारभार चालवताना आढळले. इंग्रजांनी ती स्थिती तशीच राहू दिली. स्पष्ट मान्यता दिली नाही, पण स्वतःचा दावाही सांगितला नाही. त्यातून पोर्तुगीज सार्वभौमत्वाला प्रत्यक्ष व्यवहाराने आणि गर्भित अर्थाने मान्यता मिळाली, पुढे भारतानेही ती मूकपणे चालू ठेवली. अशा रीतीने ती गावे भारतीय प्रदेशातली पोर्तुगीज ठाणी बनली.

मग वाट. भारताचा युक्तिवाद असा होता की फक्त दोन राज्यांमध्ये स्थानिक रूढी तयार होऊ शकत नाही. ३९ व्या पानावर न्यायालय म्हणते, दीर्घकाळच्या वहिवाटीवर उभी राहणारी रूढी दोनांपेक्षा अधिक राज्यांमध्येच असली पाहिजे असे मानण्याचे कारण दिसत नाही. सव्वाशे वर्षे लोक, मुलकी अधिकारी आणि माल जा-ये करत होते. जकात, तपासणी, नियम होते, पण जाणे मोकळे होते. आणि ही वहिवाट दोन्ही बाजूंनी कायदा म्हणून मानली होती. म्हणून तिसरे कलम.

सैन्याच्या बाबतीत वहिवाट वेगळी निघाली. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाच्या अठराव्या कलमाने एकमेकांच्या हिंदुस्थानातल्या प्रदेशात सशस्त्र दलांनी, काही अपवाद सोडले तर, रीतसर विनंतीशिवाय शिरायचे नाही असे ठरले. डिसेंबर १८९० मध्ये मुंबई सरकारने पत्र लिहून तक्रार केली की पोर्तुगीज शिपाई न विचारता सुरत जिल्ह्याच्या पारडी तालुक्यातून जातात. पोर्तुगीजांचे उत्तर त्याच महिन्यात आले. आमचे सैन्य आधी परवानगी घेतल्याशिवाय इंग्रजी हद्द कधीच ओलांडत नाही, असे त्यात म्हटले होते. तक्रारीपासून सुटण्यासाठी लिहिलेले हे वाक्य सत्तर वर्षांनी हेगमध्ये पोर्तुगालच्याच आड आले. दरवेळी परवानगी मागावी लागत असेल तर तो हक्क कसला? सशस्त्र पोलिसांबाबतही पुढे करार होत गेले. १९४० च्या व्यवस्थेत दहापर्यंतच्या तुकडीची खबर चोवीस तासांत द्यायची होती आणि मोठ्या तुकडीसाठी आधी संमती लागत होती. न्यायालयाने या सगळ्यातून परवानगीवर चालणारी वाट पाहिली, हक्काची नाही. म्हणून चौथे कलम.

पाचवे कलम थोडक्यात सुटते. दादऱ्यात सत्ता उलथल्यामुळे भोवतालच्या भारतीय प्रदेशात तणाव होता. तो पाहता वाट नाकारणे हे भारताच्या नियमन आणि नियंत्रणाच्या अधिकारात बसते.

इतके लिहिल्यावर खरा प्रश्न येतो. यातले कोणते वाक्य निकालाला आवश्यक आहे आणि कोणते ओघात आलेले, ज्याला वकील मंडळी ऑबिटर म्हणतात? माझी कसोटी जुनी आणि साधी आहे. वाक्य उलटे करून पाहायचे आणि आदेशभागातले एखादे कलम हलते का ते बघायचे.

‘दोन राज्यांमध्ये स्थानिक रूढी होऊ शकते’ हे उलटे करा. होऊ शकत नाही असे धरले, तर तिसरे कलम त्याच्या आधारावर उभे राहत नाही. म्हणजे हे वाक्य निर्णयाच्या आधाराचा भाग आहे. ‘इंग्रजांनी गर्भितपणे सार्वभौमत्व मानले’ हे उलटे करा. ठाणीच उरत नाहीत, सार्वभौमत्वासाठी लागणारी वाटही उरत नाही. हाही आधार.

आता ‘१७७९ चा तह वैध होता’ हे उलटे करा. तह अवैध होता असे धरले तर काय होते? तहातून पोर्तुगालला सार्वभौमत्व मिळाले नाही असे होते. पण न्यायालयाने तह वैध धरूनही तेच म्हटले आहे, कारण दिला तो नुसता सरंजाम. एकही कलम हलत नाही. तेव्हा माझ्या मते जुन्या तहांना नव्या मापाने मोजू नये हे विधान, कितीही सुंदर असले तरी, या निकालात ओघातले आहे. कुणी म्हणेल की सनदा तहाचाच आधार सांगतात, म्हणून तो मुद्दा आधी उरकणे भाग होते. युक्तिवादाच्या क्रमासाठी भाग होते, निर्णयासाठी नव्हते. टिपणात ते वाक्य जरूर घ्यावे, फक्त त्याच्यापुढे ‘ओघात’ असे लिहावे.

सरंजामाचे वाक्य मात्र त्याच्या शेजारी असूनही ओघातले नाही. ते उलटे केले, म्हणजे सनदांनी सार्वभौमत्वच दिले असे धरले, तर पोर्तुगालला तहावर आधारलेला दावा मोकळा होतो आणि न्यायालयाला वहिवाटीत शिरण्याआधी त्याचे उत्तर द्यावे लागते. एकाच पानावरची दोन वाक्ये, एक आधाराचे आणि एक ओघातले. कसोटी प्रत्येक वाक्याला वेगळी लावावी लागते ती यामुळे.

इथे एक सावधगिरी सांगायला हवी. आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा निर्णयाधार खालच्या न्यायालयांना संविधानाच्या १४१ व्या अनुच्छेदाने बांधतो. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीचे ५९ वे कलम उलट सांगते, की निर्णय फक्त त्या पक्षकारांना आणि त्या खटल्यापुरता बांधतो. तिथे आधार आणि ओघ यांतला फरक बंधनाचा नाही, वजनाचा आहे. आणि वजन कधी कधी ओघातल्या वाक्यालाच येते. १९७० च्या बार्सिलोना ट्रॅक्शन निकालात बेल्जियमचा दावा फेटाळताना न्यायालयाने, संपूर्ण आंतरराष्ट्रीय समुदायाप्रती असलेल्या बंधनांबद्दल दोन परिच्छेद लिहिले. निर्णयाला त्यांची गरज नव्हती, पण आज त्या निकालातून सर्वाधिक उद्धृत होतात ते तेच. तेव्हा ‘ओघात’ हा शेरा म्हणजे ‘बिनमहत्त्वाचे’ असे समजू नये. तो फक्त सांगतो की या विधानाच्या जोरावर कुणी जिंकले-हरले नाही.

आधार आणि ओघ यांच्या पलीकडे तिसरी एक गोष्ट असते, न्यायालयाने मुद्दाम न ठरवलेली. पोर्तुगालने असेही म्हटले होते की सर्वसाधारण आंतरराष्ट्रीय रूढीने आणि सुसंस्कृत राष्ट्रांनी मान्य केलेल्या कायद्याच्या सामान्य तत्त्वांनीही ठाण्याच्या धन्याला वाट मिळते. न्यायालयाने त्याला हात लावला नाही. दोन राज्यांमधली विशिष्ट वहिवाट स्पष्ट सापडली की ती सामान्य नियमांवर मात करते, मग त्या नियमांत शिरण्याची गरज उरत नाही, असे म्हणून तो विषय मिटवला. तेव्हा ‘वेढलेल्या प्रदेशाला वाट मिळते असे न्यायालयाने ठरवले’ हे वाक्य चूक आहे आणि ‘मिळत नाही असे ठरवले’ हेही चूक. टिपणात ‘अनिर्णित’ असा एक परिच्छेद स्वतंत्र ठेवावा. बहुतेक टिपणांत तो नसतो.

राहिली न्यायाधीशांची मते. त्यांचे तीन प्रकार. निकालाला जोडलेले छोटे निवेदन. स्वतंत्र मत, म्हणजे बहुधा निष्कर्ष मान्य पण कारणे वेगळी. आणि विरोधी मत. दादरा-नगर हवेलीत चीनचे वेलिंग्टन कू यांचे स्वतंत्र मत आहे. विरोधी मतांत अर्जेंटिनाचे मोरेनो किंताना आहेत, आणि दोन्ही पक्षांनी नेमलेले तदर्थ न्यायाधीशही आहेत, भारताचे महमदअली करीम छागला आणि पोर्तुगालचे मानुएल फर्नांडिस. हे दोघेही विरोधी मत देतात, पण एकमेकांच्या अगदी उलट दिशेने. छागलांच्या मते बहुमताने पोर्तुगालला फार दिले, फर्नांडिसांच्या मते फार थोडे. ‘अमुक इतके न्यायाधीश विरोधात होते’ अशी बेरीज म्हणून करू नये. कोणत्या कलमाच्या विरोधात, ते लिहावे.

धोका पानांमुळे वाढतो. अहवालग्रंथात निकाल ४६ व्या पानावर संपतो आणि मते त्याच क्रमांकांत पुढे चालू राहतात. संदर्भ मात्र दोघांचा सारखाच दिसतो, वर्ष आणि पान. मोरेनो किंतानांनी असे लिहिले आहे की निर्णायक पुराव्याशिवाय पोर्तुगालचा दावा उचलून धरणे म्हणजे वसाहतवाद टिकवणे आणि संयुक्त राष्ट्रांच्या सनदेला छेद देणे. गोव्याबद्दल लिहिणाऱ्याला हे वाक्य न्यायालयाच्या तोंडी घालण्याचा मोह होणे समजण्यासारखे आहे. पण ते एका विरोधी न्यायाधीशाचे वाक्य आहे. बहुमताने वसाहतवादाच्या प्रश्नावर निर्णय टेकवलेला नाही, त्याने वहिवाट मोजली.

मग मते वाचायची कशाला? माझ्या मते दोन कामांसाठी. एक, बहुमताने कोणता युक्तिवाद टाळला ते तिथे कळते. सामान्य तत्त्वांचा जो मुद्दा निकालाने बाजूला ठेवला, तो फर्नांडिस हाती घेतात. दोन, मतदानाचा उलगडा. १९६० मध्ये कलमापुढे फक्त संख्या छापत, नावे नव्हेत. नावे देण्याची पद्धत न्यायालयाच्या १९७८ च्या नियमांपासून आली. त्यामुळे चौथ्या कलमातले सात जण कोण, हे निवेदने आणि मते वाचूनच जुळवावे लागते, आणि ज्यांनी काहीच लिहिले नाही त्यांच्याबद्दल तर्कच उरतो. तर्क असेल तर टिपणात तसा शब्द घालावा.

न्यायालयाच्या कचेरीने केलेला सारांश मिळतो, तोही वाचावा, पण उद्धृत करू नये. तो न्यायालयाचा मजकूर नाही आणि कचेरी स्वतःच तसे सांगते. निकालाच्या अगदी शेवटी इंग्रजी आणि फ्रेंच यांपैकी कोणता पाठ अधिकृत आहे ते लिहिलेले असते. मराठी करताना अडखळलेला शब्द त्या पाठातून तपासावा.

शेवटी तिसऱ्या कलमाचे मराठी. मी ते असे करतो: ‘भारताच्या नियमनाच्या व नियंत्रणाच्या अधीन राहून, आणि ठाण्यांवरील पोर्तुगीज सार्वभौमत्व चालवण्यासाठी आवश्यक तेवढ्या मर्यादेत, खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांच्या बाबतीत पोर्तुगालला १९५४ मध्ये जाण्या-येण्याचा हक्क होता.’ माझ्या वर्गात या वाक्यातले ‘१९५४ मध्ये’ नेहमी गळते आणि ‘होता’चे ‘आहे’ होते. निकाल १९६० चा आहे आणि वर्ष १९५४ चे आहे. मधल्या सहा वर्षांत दादरा आणि नगर हवेलीत पोर्तुगीज कारभार नव्हता, आणि निकालानंतर सोळा महिन्यांनी, ११ ऑगस्ट १९६१ रोजी, ते प्रदेश भारताच्या संघराज्यात आले. आदेशभागाने हक्क सांगितला तो १९५४ चा.